'आपण' की 'आम्ही'?

मराठी शिकणाऱ्या एका मैत्रिणीने सहकाऱ्याला "आम्ही उद्या भेटू" असे सांगितले, आणि ही भेट दुसऱ्याच कोणाची आहे, असा त्याचा समज झाला. 'आम्ही' ऐकणाऱ्याला वगळते, 'आपण' त्याला सामावून घेते. म्हणून तिथे "आपण उद्या भेटू" हवे होते. क्रियापदाच्या दृष्टीने 'आम्ही' सोपे आहे, कारण त्याचे रूप "आम्ही आलो" असे एकच होते. 'आपण' मात्र आदरार्थीही येते: "आपण आलो" यात बोलणारा आहे, "आपण आलात" यात केवळ समोरची व्यक्ती. "आपल्याला उशीर झाला" इथे क्रियापदही मदत करत नाही, संदर्भच पाहावा लागतो. ऐकणारा कृतीत सहभागी असेल तर 'आपण', नसेल तर 'आम्ही' निवडावे. आदरासाठी रोजच्या बोलण्यात 'तुम्ही' पुरते, औपचारिक पत्रात 'आपण' शोभते.