पुष्टीपत्र खरं होतं, माल नव्हता

दुसऱ्याच्या ताब्यातला माल तपासताना आमची कशी फसवणूक झाली, ते लिहितो आहे. हाच डाव कोणत्याही ऑडिटमध्ये सहज खेळता येतो, म्हणून तपशिलात सांगतो.

कंपनी औद्योगिक गोंद बनवायची आणि त्याचे ड्रम कन्साइनमेंटवर एका वितरकाकडे ठेवायची. माल विकला जाईपर्यंत मालकी कंपनीचीच, त्यामुळे वर्षअखेरीस तो कंपनीच्याच साठ्यात धरला जायचा. पुस्तकांप्रमाणे त्या वितरकाकडे ४,२०० ड्रम होते, म्हणजे एकूण साठ्याचा चौथ्या हिश्श्याहून मोठा भाग. गोदाम बंदराच्या प्रतिबंधित भागात असल्याने मोजणीच्या दिवशी आत जाण्याची परवानगी मिळाली नाही.

अशा वेळी काय करायचं, ते आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानक ५०१ सांगतं. माल ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून प्रमाण आणि स्थिती यांची थेट पुष्टी मागवा, किंवा पाहणी वा दुसऱ्या योग्य मार्गाने पुरावा मिळवा, किंवा दोन्ही करा. आम्ही पुष्टी मागवली. पत्र आम्हीच पाठवलं, पत्ता स्वतंत्रपणे तपासला आणि उत्तर वितरकाकडून थेट आमच्याकडे आलं. लेटरहेड, शिक्का, सही, आकडा ४,२००. त्या पत्रात काहीच बनावट नव्हतं. खोटं फक्त एवढंच होतं की सही करणारा गोदाम व्यवस्थापक कंपनीच्या माणसांना सामील होता.

वर्षभराने हे उघड झालं ते खर्चाच्या व्हाउचरांमुळे. वितरक गोदामभाडं पॅलेटच्या हिशेबाने लावायचा आणि ते दरमहाच्या विक्रीहिशेबातून वळतं करून घ्यायचा. एका पॅलेटवर चार ड्रम बसतात. ४,२०० ड्रमांना १,०५० पॅलेट लागतील, पण वर्षअखेरच्या महिन्याचं भाडं ३८० पॅलेटचं होतं. म्हणजे जास्तीत जास्त १,५२० ड्रम. हा आकडा समोर आला तेव्हा आम्ही सगळी चलनं पुन्हा काढली. वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत २,७०० ड्रम कारखान्यातून वितरकाकडे ‘पाठवले’ होते. चलन प्रत्येकाचं होतं, वाहतूकदाराची बिल्टी मात्र एकाचीही नव्हती, आणि त्या दोन महिन्यांत वाहतूकखर्च वाढण्याऐवजी थोडा घटलाच होता. ड्रम कधी बनलेच नव्हते, फक्त साठ्याच्या नोंदीत चढले होते. अखेरचा साठा फुगला की नफा फुगतो, आणि बँकेची कर्जमर्यादा त्याच साठ्याच्या विवरणावर ठरत होती.

मग आम्ही वितरकाकडे बॅचवार यादी मागितली. ती आली, पण त्यातल्या बऱ्याच बॅचेस कारखान्याच्या विक्री नोंदीनुसार आधीच दुसऱ्या ग्राहकांना गेल्या होत्या. एकूण आकडा जुळवून देणं सोपं असतं. उत्पादन, विक्री आणि साठा या तिन्ही ठिकाणी टिकतील असे बॅच नंबर रचणं फार कठीण. आणखी एक गोष्ट पहिल्याच वर्षी डोळ्यांसमोर होती. वितरकाची विक्री महिन्याला दीडशेच्या आसपास, म्हणजे ४,२०० ड्रम संपायला २८ महिने, आणि गोंदाचं आयुष्य १२ महिने. माल खरोखर असता तरी त्यातला बराचसा पूर्ण किमतीला धरता आला नसता.

१९३८ साली अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्सचं प्रकरण उघड झालं. तिथेही औषधांचा साठा कॅनडातल्या गोदामांत असल्याचं दाखवलं होतं, आणि तो साठा नव्हताच. त्यानंतरच तिथल्या ऑडिटमध्ये मालाची प्रत्यक्ष पाहणी हा नेहमीचा भाग झाला. जिथे आपण पोहोचू शकत नाही तिथेच माल ‘ठेवायचा’, ही युक्ती इतकी जुनी आहे.

आता आम्ही पुष्टीपत्रात आकडा लिहून ‘बरोबर आहे का’ असं विचारत नाही. रकाना कोरा ठेवतो आणि बॅच, उत्पादनाची तारीख व गोदामातली जागा वितरकालाच भरायला सांगतो. त्याने सामील व्हायचं ठरवलं तर हेही पुरेसं नाही, म्हणून पुष्टी हाती येण्याआधीच भाडं, विमा आणि बिल्ट्यांवरून स्वतःचा अंदाज काढून ठेवतो. भाडं ठरावीक ठोक रकमेचं असेल तर पॅलेटचा हिशेब चालत नाही. तिथे विमा कंपनीला कळवलेला साठा आणि वर्षअखेरीनंतरची विक्री व परत आलेला माल पाहावा लागतो. व्हिडिओवर माल दाखवतो म्हणाले तर कॅमेरा कुठे न्यायचा आणि कोणता ड्रम उघडायचा ते आपण त्या क्षणी सांगायचं. तरीही दाखवलेला माल कोणाच्या मालकीचा, हे व्हिडिओतून कळत नाही.

आणि यातलं काहीच करू दिलं नाही, तर मानक ७०५ प्रमाणे अहवालात ती मर्यादा नोंदवून मत सशर्त करावं लागतं, किंवा परिणाम व्यापक असेल तर मत देणंच नाकारावं लागतं. दुसऱ्या वर्षी आम्ही सशर्त मत दिलं, आणि पहिल्या वर्षाच्या आकड्यांची दुरुस्ती कंपनीला जाहीर करावी लागली.