एम-१ की एम-३: पैशाचा कोणता आकडा कधी धरायचा?

महागाईवर लिहायला बसलं, प्रकल्प करायला घेतला किंवा ‘पैसा किती वाढला’ या वादात पडलं, की एक निवड करावीच लागते: संकुचित पैशाचा आकडा, म्हणजे एम-१, धरायचा की विस्तृत पैशाचा, म्हणजे एम-३? पाठ्यपुस्तकात दोन्ही व्याख्या शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे कुठलाही घेतला तरी चालेल असं वाटतं. तसं चालत नाही. चुकीचा आकडा उचलला तर निष्कर्ष चक्क उलटा निघू शकतो.

या दोन आकड्यांमधली रेघ कुठे पडते हे कळायला वस्तुविनिमयापासून सुरुवात करावी लागते. इंग्रज अर्थतज्ज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी १८७५ साली एक किस्सा नोंदवला आहे. पॅरिसची एक गायिका पॅसिफिकमधल्या सोसायटी बेटांवर गायला गेली. करार होता उत्पन्नाच्या एक-तृतीयांश वाट्याचा. हिशेब झाला तेव्हा तिच्या वाट्याला आली ३ डुकरं, २३ टर्की, ४४ कोंबड्या, ५,००० नारळ, शिवाय ढीगभर केळी, लिंबं आणि संत्री. पॅरिसच्या बाजारात या मालाचे चांगले पैसे झाले असते. बेटावर मात्र तिला हवं ते देणारा आणि बदल्यात नारळ घेणारा असा एकच माणूस सापडायला हवा होता, तो कुठून मिळणार? शेवटी फळं त्या जनावरांनाच खाऊ घालायची वेळ आली.

गरजांचा दुहेरी संयोग जुळत नाही, तो असा. माझ्याकडचं तुला हवं आणि तुझ्याकडचं मला हवं, तेही त्याच वेळी, त्याच जागी आणि साधारण तेवढ्याच मोलाचं. या सगळ्या गोष्टी एकदम जुळणं दुर्मीळ. पैसा या व्यवहाराचे दोन तुकडे करतो: आधी विक्री, मग खरेदी. माझा माल घेणारा एक आणि मला हवं ते विकणारा दुसराच असला तरी बिघडत नाही. विनिमयाचं माध्यम म्हणतात ते हेच.

पण किस्सा नीट वाचला तर त्यात दुसरी अडचणही दिसते. समजा गायिकेला तो माल पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायचा असता, तरी केळी टिकली नसती. म्हणजे मूल्यसंचयाचं कामही तिथे फसलं. मोजमापाची अडचण तर वेगळीच: १०० वस्तू एकमेकींशी बदलायच्या तर ४,९५० विनिमय दर ध्यानात ठेवावे लागतात, आणि एकच वस्तू मोजमापाचं एकक ठरली की ९९ दरांत भागतं. विलंबित देणी, म्हणजे उधारी आणि कर्ज, हे चौथं काम या तिघांवरच उभं राहतं.

मोजमापाच्या कामाचा आपल्या निवडीशी संबंध नाही, कारण दोन्ही आकडे त्याच एककात मोजले जातात. खरी ओढाताण विनिमय आणि संचय यांच्यात आहे. नोट आत्ता, कुणाच्याही हातात देता येते. मुदत ठेव कुणाला देता येत नाही. ती आधी मोडावी लागते, मगच खरेदी होते. मूल्य साठवायचं काम ती नोटेपेक्षा बरं करते, कारण व्याज मिळतं. पण विनिमयाच्या बाबतीत एक पायरी मध्ये उरतेच. संकुचित पैशात ढोबळमानाने ती पायरी नसलेल्या गोष्टी येतात. विस्तृत पैशात त्या तर येतातच, वर थोड्या खटपटीने, फारसं मूल्य न गमावता पैसा होऊ शकतील अशाही येतात.

भारतीय रिझर्व्ह बँकेची भाषा घेऊ. एम-१ म्हणजे लोकांकडचं चलन, बँकांतल्या मागणी ठेवी, म्हणजे हव्या तेव्हा काढता येतात त्या, आणि रिझर्व्ह बँकेकडच्या ‘इतर’ ठेवी. एम-३ म्हणजे एम-१ अधिक बँकांतल्या मुदत ठेवी. एम-२ आणि एम-४ पोस्टातल्या ठेवी धरतात. चर्चेत ते फारसे येत नाहीत, तेव्हा सोडून देऊ.

आता एका माणसाची पुंजी घेऊन बघू.

| काय आहे | किती | एम-१ | एम-३ |
|---|---|---|---|
| खिशातल्या नोटा | १० हजार | होय | होय |
| चालू खात्यातली शिल्लक | ४० हजार | होय | होय |
| मुदत ठेव | २ लाख | नाही | होय |
| शेअर्स | ५० हजार | नाही | नाही |
| क्रेडिट कार्डाची मर्यादा | १ लाख | नाही | नाही |

एम-१ मध्ये त्याचा वाटा ५० हजार, एम-३ मध्ये अडीच लाख. कार्डाची मर्यादा पाहून गोंधळ होतो. ती पुंजी नव्हे, कर्ज मिळण्याची सोय आहे. कार्ड घासलं की दुकानदाराच्या खात्यात ठेव जमा होते, तेव्हा कुठे पैसा मोजला जातो.

यापेक्षा महत्त्वाचं आहे ते काय केल्याने कोणता आकडा हलतो. या माणसाने एटीएममधून ५ हजार काढले तर काहीच हलत नाही: ठेव घटली, चलन वाढलं, दोन्ही एम-१ मध्येच. (बँकेच्या तिजोरीतल्या नोटा ‘लोकांकडचं चलन’ नसतात, म्हणून ही बेरीज दुप्पट होत नाही.) त्याने मुदत ठेव मोडून रक्कम चालू खात्यात टाकली तर एम-१ दोन लाखांनी वाढतो आणि एम-३ जागचा हलत नाही. बँकेने त्याला नवीन कर्ज देऊन रक्कम चालू खात्यात जमा केली तर दोन्ही वाढतात, कारण आता ठेवच नव्याने जन्माला आली. शेअर विकले तर विकणाऱ्याच्या खात्यात पैसे येतात आणि घेणाऱ्याच्या खात्यातून जातात. एकूण बेरीज तीच.

थोडक्यात, एम-१ दोन कारणांनी हलतो: नवीन पैसा तयार झाला म्हणून, किंवा जुन्याच पैशाने जागा बदलली म्हणून. एम-३ मधून दुसरं कारण बरंचसं गाळलं जातं. निवडीचा सगळा प्रश्न इथे आहे.

ही जागा खरोखर कशी बदलते ते युरो क्षेत्रात दिसलं. २०२२ च्या उन्हाळ्यापासून युरोपीय मध्यवर्ती बँकेने व्याजदर झपाट्याने वाढवले. तोवर मुदत ठेवीवर जवळपास काहीच मिळत नसल्याने लोकांनी आणि कंपन्यांनी पैसा चालू खात्यांतच ठेवला होता. आता तो मुदत ठेवींकडे निघाला. २०२३ च्या ऑगस्टपर्यंत तिथला एम-१ वर्षभरात सुमारे १० टक्क्यांनी घटला होता, तर एम-३ ची घट एका टक्क्याहून थोडीच जास्त होती. नुसता एम-१ पाहणाऱ्याला वाटेल की अर्थव्यवस्थेतला दहावा हिस्सा पैसा नाहीसा झाला. नुसता एम-३ पाहणाऱ्याला वाटेल की विशेष काही घडलं नाही. दोघंही अर्धवट. लोकांनी ‘लगेच खर्चू’ हा पवित्रा सोडून ‘थांबू’ हा घेतला होता, आणि ते एम-१ ने सांगितलं. पतपुरवठा मंदावला होता, हे एम-३ ने.

अमेरिकेचा किस्सा याहून फसवा आहे, कारण तिथे पैशाने जागाही बदलली नव्हती. तिथल्या बचत खात्यांतून महिन्याला सहापेक्षा जास्त वेळा सोयीने पैसे वळवता येत नसत, म्हणून ती एम-१ बाहेर, तिथल्या विस्तृत आकड्यात, म्हणजे एम-२ मध्ये धरली जात. २४ एप्रिल २०२० रोजी फेडरल रिझर्व्हने ती सक्ती काढून टाकली. मधली पायरी गेली, म्हणून नव्या व्याख्येत बचत ठेवी एम-१ मध्ये आल्या, आणि मे २०२० पासूनची आकडेवारी तशीच मांडली गेली. एम-१ मधले एप्रिलचे सुमारे ४.८ लाख कोटी डॉलर मेमध्ये १६ लाख कोटींवर गेले. एम-२ मात्र १७ वरून १८ लाख कोटींच्या जरासा अलीकडे आला. तोही वेग नेहमीपेक्षा बराच मोठा होता, महासाथीच्या मदतीमुळे. पण तिप्पट नव्हे.

एम-१ चा आलेख मात्र भिंतीसारखा उभा चढलेला दिसतो. ‘एका वर्षात बहुतेक सगळे डॉलर नव्याने छापले’ असले दावे त्या आलेखाच्या जोरावर फिरले, आणि अजूनही अधूनमधून कुणीतरी तो पाठवतंच.

मग ओळखायचं कसं? संकुचित आकडा उसळला आणि विस्तृत आकडा त्या मानाने शांत राहिला, तर आधी चढाचा आकार बघा. एकाच महिन्यात उभी पायरी असेल तर बहुधा व्याख्या बदलली आहे, आणि आकडेवारीच्या तळटिपेत ते लिहिलेलं असतं. चढ किंवा उतार महिनोन्‌महिने व्याजदरांच्या मागोमाग चालला असेल तर लोक ठेवी इकडून तिकडे हलवत आहेत. दोन्ही आकडे मिळून वाढत असतील, तर मात्र नवीन पैसा येतो आहे, आणि तो बहुतेक वेळा बँकांच्या कर्जांतून किंवा सरकारी खर्चातून आलेला असतो.

माझं मत स्पष्ट आहे: एकच आकडा निवडायचा असेल तर विस्तृत निवडा. काही वर्षांचा महागाईशी संबंध, कर्जवाढ, दीर्घकाळची तुलना, या सगळ्यासाठी तो कमी फसवतो. येत्या काही महिन्यांत खर्चाचा वेग कुठे वळेल हे हवं असेल तर संकुचित आकडा उपयोगी आहे. युरो क्षेत्रात महागाईचा परिणाम वजा केलेला एम-१ हा आर्थिक वाढीचा आगाऊ इशारा मानला जातो, तो उगाच नाही. पण तो वापरताना शेजारी विस्तृत आकडा उघडा ठेवा.

एक मात्र करू नका: दोन देशांचे एम-१ शेजारी ठेवून टक्केवारी काढू नका. अमेरिकेत बचत खातं आता पूर्ण एम-१ मध्ये आहे. युरो क्षेत्रात पैसे काढायला तीन महिन्यांपर्यंतची पूर्वसूचना लागणारी बचत ठेव एम-१ मध्ये नाही, एम-२ मध्ये जाते. भारतात तर बचत खात्याचेच दोन भाग पाडतात: ज्या शिलकेखाली खातं सहसा जात नाही तो भाग मुदत देणी, वरचा वर-खाली होणारा भाग मागणी देणी, आणि एम-१ मध्ये फक्त हा वरचा भाग. एकाच प्रकारच्या खात्याला तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळतात. तुलना करायचीच असेल तर नावं बाजूला ठेवा आणि चलन, मागणी ठेवी, बचत ठेवी, मुदत ठेवी असे घटक सुटे काढून एकेक जुळवा.