एलपीजी, हायड्रोजन की थेट वीज? कुपवाडच्या एका भट्टीचा हिशेब

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतला एखादा छोटा हीट ट्रीटमेंटचा शेड डोळ्यासमोर आणा. एक बॉक्स भट्टी, शेजारी जमिनीत उतरवलेली तेलाची क्वेंचिंग टाकी, आणि रोज एकोणीस किलोचे दोन एलपीजी सिलिंडर रिकामे. मालकाला कुणीतरी सांगतं, "हायड्रोजन घ्या, धूर नाही, कार्बन नाही, निघतं ते फक्त पाणी." दुसरा म्हणतो, "छतावर सोलर टाका, हायड्रोजन घरीच बनवा." म्हणणारे खोटं बोलत नाहीत, पण हिशेब अर्धाच सांगतात. उरलेला अर्धा इथे मांडतोय.

आधी सिलिंडर समोरासमोर ठेवू

एकोणीस किलो एलपीजीत साधारण 240 युनिट उष्णता असते. युनिट म्हणजे वीजबिलातलंच, म्हणजे किलोवॅट-तास. हायड्रोजनचा बाजारात मिळणारा नेहमीचा सिलिंडर 47 लिटर पाण्याच्या मापाचा, 150 बार दाबाने भरलेला, सुमारे सात घनमीटर वायूचा. ऐकायला भरपूर वाटतं, पण वजन केलं तर आत जेमतेम 0.6 किलो हायड्रोजन निघतो. किलोमागे हायड्रोजनची उष्णता एलपीजीच्या अडीचपट असली, तरी 0.6 किलोतून हाती येतात फक्त वीस युनिट.

म्हणजे एलपीजीच्या एका सिलिंडरची बरोबरी करायला हायड्रोजनचे बारा लागतात. आपल्या भट्टीला रोज दोन एलपीजी, म्हणजे रोज चोवीस-पंचवीस हायड्रोजन सिलिंडर. एक रिकामा सिलिंडर पंचावन्न-साठ किलोचा धरा. साडेचौदा किलो वायू वापरण्यासाठी दररोज दीड टन लोखंड गाडीतून उतरवायचं आणि चढवायचं. शिवाय गॅस सिलिंडर नियमांत ज्वलनशील, पण विषारी नसलेल्या वायूंचा विनापरवाना साठा पंचवीस सिलिंडरपर्यंतच चालतो. या भट्टीचा तो एका दिवसाचा खुराक झाला. सलग दोन पाळ्या चालवायच्या तर परवाना, स्वतंत्र साठवण शेड आणि सुरक्षित अंतरं हे सगळं आलंच.

एवढा दाब देऊनही हायड्रोजन द्रव का होत नाही?

एलपीजीचं निम्मं यश एका गोष्टीत आहे: आपल्याकडच्या हवामानात थोड्याशा दाबाने तो द्रव होतो. म्हणून पातळ पत्र्याच्या टाकीत एकोणीस किलो मावतो. प्रोपेनला 97 अंश सेल्सिअसच्या खाली दाबून द्रव करता येतं. हायड्रोजनसाठी हीच मर्यादा उणे 240 अंशांवर आहे. त्यामुळे सांगलीच्या उन्हात काय किंवा महाबळेश्वरच्या थंडीत काय, कितीही बार दाब द्या, तो वायूच राहतो. साध्या वातावरणीय दाबाला द्रव ठेवायचा तर उणे 253 अंश लागतात. तेवढं थंड करण्यात त्याच्यातल्याच ऊर्जेचा तिसऱ्या हिश्शाच्या आसपासचा भाग खर्च होतो, आणि टाकी कितीही चांगली असली तरी रोज थोडा उकळून जातो. छोट्या कारखान्याने त्या वाटेला जाऊच नये.

उरतो जास्त दाबाचा मार्ग. त्यात दुसरी भानगड पोलादाची. हायड्रोजनचे अणू धातूच्या आत शिरतात आणि जितकं पोलाद कणखर, तितकं ते ठिसूळ होऊन तडकण्याचा धोका जास्त. म्हणून "जाड आणि मजबूत" हा नेहमीचा नियम इथे उलटा पडतो. हाय टेन्साइल बोल्ट, कठीण केलेली स्प्रिंग, बिडाचे फिटिंग या लाइनवर चालत नाहीत. 316 एल स्टेनलेस नळी आणि हायड्रोजनसाठीच बनवलेला रेग्युलेटर लागतो. एलपीजीची रबरी नळी तर नकोच. तिच्या भिंतीतूनही तो पाझरतो. चुडीचे जोड जितके कमी तितकं बरं, आणि प्रत्येक सिलिंडर बदलल्यावर जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचेच. दिवसाला पंचवीस सिलिंडर म्हणजे पंचवीस जोड उघडणं-लावणं. गळतीची शक्यता वायूपेक्षा या हाताळणीतूनच जास्त येते.

चिमणीतून काय निघतं

इथे हायड्रोजन खरंच जिंकतो, पण पूर्ण नाही. रोजच्या 38 किलो एलपीजीतून सुमारे 114 किलो कार्बन डायऑक्साइड आणि साठेक किलो पाण्याची वाफ निघते. तेवढीच उष्णता देणाऱ्या साडेचौदा किलो हायड्रोजनमधून कार्बन शून्य, पाणी मात्र 130 किलो. एक किलो जळाला की नऊ किलो पाणी, हे त्याचं ठरलेलं गणित.

दुप्पट वाफेचा परिणाम दोन ठिकाणी दिसतो. एलपीजीचा धूर साधारण 55 अंशांखाली गेला की चिमणीत पाणी सुटतं. हायड्रोजनचा 70 अंशांच्या आसपासच सुटायला लागतो. जादा हवा दिली असेल तर दोन्ही आकडे थोडे खाली येतात. पावसाळ्यात सकाळी भट्टी पेटवली आणि चिमणीच्या बुडाशी गंजाचं पाणी टपकताना दिसलं, तर कारण हेच. दुसरं, वाफेत तापलेल्या पोलादावर खवले जास्त धरतात. उघड्या ज्वालेत जॉब तापवत असाल तर ग्राइंडिंगचा खर्च वाढेल.

आणि "फक्त पाणी" हे वाक्य शुद्ध ऑक्सिजनमध्ये जाळलं तरच खरं. हवेत जाळताना हायड्रोजनची ज्वाला 2100 अंशांपर्यंत जाते, एलपीजीपेक्षा शंभराहून जास्त अंश वर. तेवढ्या तापात हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. बर्नर तसाच ठेवून नुसता वायू बदलला तर ही वाढतात. कमी करायला हवा जास्त द्यावी लागते किंवा चिमणीतला थोडा धूर परत ज्वालेत सोडावा लागतो.

ज्वाला: न दिसणारी आणि मागे पळणारी

एलपीजीची ज्वाला निळी-पिवळी दिसते, गळती नाकाला कळते. हायड्रोजनला वास नसतो आणि दिवसाउजेडी त्याची ज्वाला जवळजवळ दिसत नाही. तिचा शेकही बाजूला कमी जाणवतो, त्यामुळे माणूस नकळत हात घालतो. संशय आला तर जुनी आणि खात्रीची पद्धत एकच: लांब दांड्याला कोरडी केरसुणी बांधायची, ती पुढे धरून हळूहळू जायचं. काड्या पेटल्या की तिथे ज्वाला आहे. पेटलेली गळती सापडली तर ती विझवायच्या मागे लागू नका, आधी लांबून वायू बंद करा. वायू चालू ठेवून ज्वाला विझवली तर तोच वायू शेडमध्ये साठतो आणि पुढच्या ठिणगीला स्फोट होतो.

बर्नरची गोष्ट याहून महत्त्वाची. एलपीजीची ज्वाला स्थिर हवेच्या मिश्रणात सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा कमी वेगाने सरकते, हायड्रोजनची सुमारे तीन मीटर. हवा आणि वायू आधीच मिसळणाऱ्या साध्या बर्नरमध्ये ज्वाला उलटी नळीत शिरते. आच कमी केल्यावर "फट्" असा आवाज, मग शिट्टीसारखा सूर आणि बर्नरची मान तापलेली, ही लक्षणं दिसली तर आत आग आहे असं समजून ताबडतोब बंद करायचं. बारीक जाळी लावून भागत नाही, कारण एलपीजीची ज्वाला जिथे अडते अशा फटीतूनही ही पार होते. हवा आणि वायू तोंडाशीच मिसळणारा नोजल-मिक्स बर्नर घ्यावा लागतो. ज्वाला ओळखणारा दांडाही बदलावा लागतो. तो ज्वालेतल्या विद्युतभारित कणांवर चालतो, आणि कार्बन नसलेल्या ज्वालेत ते फारच कमी. इथे अतिनील किरण ओळखणारा सेन्सर लागतो.

गळतीच्या बाबतीत मात्र दोघांचे धोके उलटसुलट आहेत. एलपीजी हवेपेक्षा जड, तो क्वेंचिंगच्या खड्ड्यात जाऊन बसतो आणि तासन्‌तास हलत नाही. हायड्रोजन हवेच्या चौदाव्या हिश्श्याइतका हलका, सरळ वर जातो. शेडचा माथा उघडा असेल तर ही त्याची सर्वांत चांगली खोड. पण पावसाळ्यात आडवा पाऊस येतो म्हणून आपल्याकडे माथ्याच्या फटीला ताडपत्री मारतात, तिथेच घात होतो. एक सिलिंडर बाराशे घनमीटरच्या शेडमध्ये सारखा पसरला तर प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या जरा वर, म्हणजे काही होणार नाही. तोच माथ्याखालच्या कोनात साठला तर चार टक्के सहज ओलांडतो. चार ते पंचाहत्तर टक्के एवढ्या रुंद पट्ट्यात तो पेटतो, एलपीजी साधारण दोन ते साडेनऊमध्ये. ठिणगीही एलपीजीला लागते तिच्या दहाव्या हिश्शाची पुरते. छताजवळचा साधा पंखा किंवा ट्यूबलाइटचा चोक तेवढी देतो. डिटेक्टर म्हणून माथ्याला लावायचा, कमरेच्या उंचीवर नाही.

सोलरवर स्वतः बनवला तर?

सिलिंडरची हमाली वाचते, हे खरं. पण विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राला, म्हणजे इलेक्ट्रोलायझरला, किलोमागे पन्नास-पंचावन्न युनिट वीज लागते. रोजच्या साडेचौदा किलोला साडेसातशे युनिट. आपल्या भागात एक किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतं असं धरलं, तर सुमारे 190 किलोवॅट पॅनेल आणि त्यासाठी जवळपास अर्धा एकर छत.

आता तीच वीज सरळ कॉइलच्या भट्टीत घाला. गॅसभट्टीत 480 युनिटपैकी जॉबमध्ये तीसेक टक्के पोचतात, बाकी चिमणीतून जातात. म्हणजे कामाची उष्णता दीडशे युनिटच्या आत. चिमणीच नसलेल्या विजेच्या भट्टीला सत्तर टक्के धरले, तर दोनशे-सव्वादोनशे युनिट पुरतात, पॅनेल पंचावन्न किलोवॅट. 950 अंशांपर्यंतचं हार्डनिंग, टेंपरिंग, अ‍ॅनीलिंग हे सगळं त्यात बसतं. या भट्टीसाठी आम्ही हायड्रोजन सुचवणार नाही. भार मंजूर होत असेल तर वीज, नसेल तर तोवर एलपीजीच.

हायड्रोजनला जागा आहे ती जिथे ज्वालाच हवी आणि काम बोटभर आहे तिथे. विट्याकडच्या गलाई कारागिरांना ओळखीचं उदाहरण द्यायचं तर प्लॅटिनम वितळवणं. कार्बन लागला की प्लॅटिनम ठिसूळ होतं, म्हणून तिथे ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्वाला वापरतात. वापर ग्रॅममध्ये, त्यामुळे एक सिलिंडर बरेच दिवस जातो आणि साठवणीचा प्रश्नच उरत नाही.

असा एखादा सिलिंडर घेणार असाल तर दोन सवयी मोडा. ऑक्सिजनचा सिलिंडर जोडण्याआधी धूळ उडवायला व्हॉल्व्ह क्षणभर उघडतात, तसं इथे कधीच करायचं नाही. जोरात सुटणारा हायड्रोजन आपोआप पेटू शकतो. आणि काटा शून्यावर येईपर्यंत ओढायचा नाही. दोन बार उरले की व्हॉल्व्ह बंद करून परत पाठवायचा, नाहीतर आत हवा शिरते आणि पुढच्या भरणीला तो सिलिंडरच मिश्रणाचा बॉम्ब होतो.