पैसे "घेण्यासाठी" क्यूआर स्कॅन करायला सांगितला आणि मावशीचे ३६ हजार गेले, कसे गेले ते नीट वाचा

माझ्या मावशीने जुना फ्रिज विकायला ऑनलाइन टाकला होता, ९ हजार किंमत लावलेली. थोड्याच वेळात एकाचा फोन आला. मी फौजेत आहे, आता बदली झालीये, घर लावायचंय, फ्रिज मला हवाच आहे, घासाघीस नाही, ट्रान्सपोर्टवाला येऊन घेऊन जाईल, पैसे मी आत्ताच देतो. आयकार्डचा फोटोपण पाठवला. फक्त एक म्हणे, आमचं खातं फौजेचं आहे, त्यातून थेट पैसे जात नाहीत, मी क्यूआर पाठवतो तो तुम्ही स्कॅन केला की पैसे तुमच्याकडे येतील.

मावशीने लगेच विश्वास ठेवला असं अजिबात नाही. ती म्हणाली, स्कॅन तर पैसे देताना करतात ना? ह्यावर त्याचं उत्तर तयारच होतं. बरोबर आहे ताई, शंका यायलाच पाहिजे, आधी १० रुपयांचं करून बघा, १० चे २० येतील. तिने स्कॅन केलं, पिन टाकला, १० गेले आणि मिनिटाभरात खरंच २० आले. ह्या सगळ्या प्रकारातला खरा डाव हाच आहे. ते २० त्याने त्याच्या फोनवरून हाताने पाठवले होते, स्कॅनशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, पण समोरच्याला वाटतं की स्कॅन केल्यावर पैसे येतात हे आपण डोळ्यांनी बघितलं.

मग आला ४,५०० चा क्यूआर, अर्धे आधी अर्धे नंतर म्हणून. फोटोवर मोठ्या अक्षरात "Receive ₹4500" लिहिलेलं. ४,५०० गेले, आलं काहीच नाही. तो म्हणाला, पैसे सिस्टीममध्ये अडकलेत, तेवढ्याच रकमेचा दुसरा स्कॅन केला की दोन्ही मॅच होऊन सुटतील. परत ४,५०० गेले. मग ९ हजारांचा रिफंडचा क्यूआर, तेही गेले. मग आत्तापर्यंतचे सगळे एकत्र परत करायला १८ हजारांचा. बेरीज करा, ३६ हजार. प्रत्येक वेळी रक्कम आधी गेलेल्या पैशांच्या हिशोबात बसणारी असायची त्यामुळे ऐकणाऱ्याला ती परतफेडच वाटते, आणि फोन त्याने एकदाही ठेवू दिला नाही, "कट करू नका, ट्रान्झॅक्शन फेल होईल" असं सतत. फोन चालू असल्यामुळे बँकेचे मेसेज धड वाचता येत नाहीत आणि शेजारी कुणाला विचारताही येत नाही.

आता तो क्यूआर म्हणजे नेमकं काय ते बघा. त्या चौकटीत एक साधी ओळ लपलेली असते, साधारण अशी:

```
upi://pay?pa=abc@bank&pn=Refund%20Desk&am=4500.00&cu=INR&tn=Receive%204500
```

सुरुवातीलाच pay आहे. pa म्हणजे पैसे ज्याला जाणार त्याचा आयडी, am म्हणजे रक्कम. pn हे नाव आणि tn ही टीप, ह्या दोन्ही जागी क्यूआर बनवणारा हवं ते लिहू शकतो, रिफंड लिहा नाहीतर फौजेचं खातं लिहा. त्यामुळे फोटोवर आणि टीपेत काय लिहिलंय त्याला शून्य किंमत आहे. खरं दिसतं ते पुढच्या स्क्रीनवर. स्कॅन केल्यावर ॲपमध्ये Pay चं बटण येतं, कुठल्या खात्यातून द्यायचे ते विचारतं, आणि जिथे पिन टाकायचा त्या पानावर रक्कम आणि कोणाला चाललेत ते दिसतं. आता ॲपला समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नावही दाखवावं लागतं, ते वाचा, फौजेच्या खात्याच्या जागी कुणा भलत्याच माणसाचं नाव दिसेल. पैसे यायला यूपीआयमध्ये स्कॅन लागत नाही, पिन तर मुळीच लागत नाही, तुमचा आयडी किंवा नंबर दिला की झालं. खरा गिऱ्हाईक असेल तर त्याला तुमचा क्यूआर पाठवा आणि म्हणा तू स्कॅन कर. तिथे तो कारणं द्यायला लागला की फोन ठेवा.

आता ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही ते. मावशीच्या बचत खात्यात त्या दिवशी ७ हजारच्या आसपास होते, मग ३६ हजार गेले कुठून? त्या खात्याला एफडी जोडलेली होती, म्हणजे शिल्लक कमी पडली की बँक आपोआप एफडी मोडून पैसे खात्यात आणते. चेक परत जाऊ नये म्हणून ही सोय असते पण यूपीआयच्या व्यवहारालाही ती तशीच लागू झाली. ती नसती तर दुसऱ्या ४,५०० लाच शिल्लक अपुरी म्हणून व्यवहार अडला असता, तो अडलाच नाही. तुमच्या किंवा आईवडिलांच्या खात्याला अशी स्वीप, फ्लेक्सी नाहीतर ओव्हरड्राफ्टची सोय आहे का ते बँकेत विचारा, पासबुकात बघून कळेलच असं नाही. असेल तर ते खातं यूपीआयमधून काढा आणि एक वेगळं साधं खातं जोडा ज्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे टाकायचे. काढताना फोनमधल्या प्रत्येक ॲपमधून काढा, एका ॲपमधून काढलं तरी दुसऱ्यात ते जोडलेलंच राहतं आणि पिन तर खात्याचा असतो, सगळ्या ॲपमध्ये तोच चालतो. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा कमी करता येते, तीपण करून टाका.

पैसे गेल्यावर आम्ही काय केलं तेही सांगते कारण तिथे वेळेला किंमत आहे. मला कळल्या कळल्या सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनला फोन लावला, नंतर cybercrime.gov.in वर तक्रार. त्यांना प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर लागतो, १२ आकडी, ॲपच्या हिस्टरीत मिळतो, चारही व्यवहारांचे वेगवेगळे दिले. शेवटचे १८ हजार समोरच्या खात्यात होल्ड झाले, आधीचे तोपर्यंत पुढे दुसऱ्या खात्यांत जाऊन निघालेले होते. होल्ड झालेलेही लगेच मिळत नाहीत, पोलीस आणि कोर्टाची प्रक्रिया आहे, ती चालू आहे. बँकेने लेखी कळवलं की पिन ग्राहकानेच टाकलाय त्यामुळे भरपाई बसत नाही, म्हणजे कार्डची माहिती चोरून कुणी परस्पर पैसे काढले तर जे संरक्षण मिळतं ते इथे धरू नका.

त्यानंतर आठवड्याभरात मावशीला अजून एक फोन आला, सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सुटलेत, प्रोसेसिंगचे ५०० भरा, क्यूआर पाठवतो. तक्रार केल्यावर असे फोन येतात हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, आणि तक्रारीचं पुढे काय झालं ते पोर्टलवर आपल्या तक्रार क्रमांकानेच बघा.