सीएनसी ऑपरेटर पाहिजे: मेसेज शुद्ध मराठीत की रोजच्या मिश्र भाषेत?

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपला माणूस हवा आहे आणि मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायचा आहे, असं समजा. दोन मसुदे असे:

"आमच्या आस्थापनेत अनुभवी यंत्रचालक नेमणे आहे. वेतन पात्रतेनुसार. इच्छुकांनी समक्ष भेटावे."

"भोसरी एमआयडीसीत सीएनसी टर्निंग ऑपरेटर पाहिजे. फॅनक कंट्रोल. सेटिंग करता आलं पाहिजे, ऑफसेट स्वतः देता आले पाहिजेत. आयटीआय टर्नर किंवा मशिनिस्ट, दोन वर्षं अनुभव. आठ तासांची शिफ्ट, ओटी डबल. पीएफ-ईएसआय कापून हातात १८,५००."

या जागेसाठी माझं मत सरळ दुसऱ्याला. पहिला वाचून साध्या लेथवर काम केलेला माणूसही फोन करेल, प्रेस चालवणाराही करेल. दुसऱ्यातले इंग्रजी शब्द ही शॉप फ्लोअरचीच भाषा आहे. ज्याने नुसतं जॉब लावून बटण दाबलंय, तो "ऑफसेट स्वतः" वाचूनच थांबतो. मेसेज नीट उतरलाय की नाही, हे येणाऱ्या फोनवरून कळतं. "मशीन कुठली? कंट्रोल कुठला?" असंच सगळे विचारत असतील, तर महत्त्वाचं लिहायचं राहून गेलंय.

पगाराच्या ओळीत तर भाषेपेक्षा नेमकेपणा मोठा. "हातात" की "ग्रॉस" हे लिहायलाच हवं. ईएसआय २१,००० पर्यंतच्या पगाराला लागू होतो, त्यामुळे आकड्याच्या बाजूला ते लिहिलं की उमेदवाराला हिशोब लागतो. कारखान्यात जादा तासांना दुप्पट दर कायद्यानेच द्यावा लागतो. तरीही तो लिहावा, कारण बरेच जण आधी तेच विचारतात.

मिश्र भाषाही बिघडू शकते. "अर्जंट रिक्वायरमेंट! अट्रॅक्टिव्ह सॅलरी! लिमिटेड सीट्स!" असं लिहिलं की पैसे उकळणाऱ्या एजंटचा वास येतो आणि चांगला कारागीर मेसेज सोडून पुढे जातो. म्हणून कामाची नावं इंग्रजी असली, तरी शब्द देणारी वाक्यं पूर्ण, स्वच्छ मराठीत हवीत: "नोकरीसाठी कोणतेही शुल्क घेतले जात नाही. येताना आयटीआयचे प्रमाणपत्र आणि आधारची झेरॉक्स आणावी." इथे औपचारिक सूर विश्वास देतो. आणि "मुलगा पाहिजे" लिहू नका. आयटीआय करून मुलीही याच कामाला येतात.

पहिल्या मसुद्याचा सूर कुठे शोभतो? पतसंस्थेतला लिपिक, शाळेतला कार्यालयीन सहायक, मराठी पत्रव्यवहार सांभाळणारी व्यक्ती. तिथे रोज "सविनय कळविण्यात येते की" लिहायचं असतं, त्यामुळे जाहिरातीच्या भाषेतूनच कामाची कल्पना येते. तरी "वेतन पात्रतेनुसार" तिथेही काढून टाका आणि आकडा लिहा.