'स्वखुशीने' या एका शब्दाची किंमत

बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात मी १४ वर्षे मशीन ऑपरेटर होतो. कंपनीचे नाव लिहीत नाही, त्याचे कारण पुढे येईलच. हिशेब समजावा म्हणून आकडेही थोडे गोल केले आहेत.

२०२३ मधील एका महिनाअखेरीला शिफ्ट सुटताना एच. आर. च्या साहेबांनी बोलावून घेतले. ऑर्डरी कमी झाल्याने आमच्या विभागातून सहा जण कमी करायचे आहेत, पण कंपनी कोणालाही रिकाम्या हाताने पाठवणार नाही, असे ते म्हणाले आणि तीन लाख रुपयांचा आकडा असलेला चार पानी कागद त्यांनी पुढे केला. कागद इंग्रजीत होता. साहेबांनी त्याचा अर्थ अर्धा कानडीत, अर्धा मराठीत सांगितला. घरी नेऊन दाखवतो म्हटल्यावर, "आज सही झाली तरच हा आकडा, उद्याचे मी सांगू शकत नाही," हे मात्र शुद्ध मराठीत सांगितले. मी सही केली.

पहिल्याच कलमात लिहिले होते की कामगार स्वतःच्या वैयक्तिक कारणास्तव, कोणत्याही दबावाशिवाय, स्वखुशीने नोकरी सोडत आहे. मला ही केवळ कागदाची भाषा वाटली, पण सारी मेख तिथेच होती. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार कामगाराला कमी केले, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागे. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून माझा पगार २६,००० होता, म्हणजे १४ वर्षांची ही भरपाईच १,८२,००० झाली असती. परंतु स्वेच्छेने सोडणाऱ्याला कामगार कपातीची भरपाई नाही, आणि स्वेच्छेने सोडतो असे मीच लिहून दिले होते.

दुसरी खोच तीन लाखांच्या आकड्यात होती. कलमात 'सर्व कायदेशीर व इतर देण्यांसह अंतिम रक्कम' एवढेच शब्द होते, फोड कुठेच नव्हती. ती फोड मला अनगोळमधील एका जुन्या युनियनवाल्या अण्णांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला करून दाखवली. ग्रॅच्युइटीसाठी २६,००० ला २६ ने भागून १५ ने गुणले की एका वर्षाचे १५,००० होतात, म्हणून १४ वर्षांचे २,१०,०००. शिल्लक ४० दिवसांच्या रजेचे ४०,००० आणि त्या महिन्याचा पगार २६,०००. बेरीज २,७६,०००. "बाळ, हे तर तुझेच पैसे होते. कंपनीने वरून दिले ते फक्त चोवीस हजार," असे म्हणून अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. सहीआधी त्या कलमात 'ग्रॅच्युइटी, रजेचा पगार व चालू पगार वगळून, त्याखेरीज' एवढे शब्द घालून घेतले असते, तर तीच तीन लाखांची रक्कम खरोखर तडजोडीची ठरली असती.

पैसे दोन हप्त्यांत होते, सहीच्या दिवशी दोन लाख आणि ६० दिवसांनी एक लाख. दरम्यान चहाच्या टपरीवर एका सहकाऱ्याने विचारले म्हणून मी त्याला रकमेचा आकडा सांगितला. गोपनीयतेचा भंग झाला, असे पत्र पाठवून कंपनीने दुसरा हप्ता अडवला. बदनामी न करण्याचे कलमही होते, मात्र ते फक्त माझ्यावर बंधनकारक. मच्छे येथील एका कारखान्यात मी मुलाखत दिली तेव्हा जुन्या साहेबांनी फोनवर 'काम जमत नव्हते म्हणून काढला' असे सांगितल्याचे कळले, आणि त्यांना अडवणारी एक ओळही कागदात नव्हती.

शेवटी कामगार खात्याच्या कार्यालयात मी ग्रॅच्युइटीसाठी अर्ज दिला. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचे कलम १४ असे होते की करारात काहीही लिहिले असले तरी कायदाच वरचढ ठरे. गोपनीयतेच्या कलमामुळे अशा कार्यालयात जाता येत नाही, हा माझा समजही तिथेच दूर झाला. ग्रॅच्युइटी दिलीच आहे, हे दाखवण्यासाठी कंपनीने स्वतःच रकमेची फोड हजर केली, आणि ती अण्णांच्या कॅलेंडरवरच्या हिशेबाशी रुपयाला रुपया जुळली. कायदेशीर देणी २,७६,००० आणि दिलेले दोन लाख, असे त्यांच्याच कागदावरून दिसल्यावर उरलेले ७६,००० त्यांना द्यावे लागले. चोवीस हजार मात्र त्यांनी गोपनीयतेच्या नावाखाली ठेवून घेतले.

भरपाईच्या १,८२,००० साठी मी वेगळी तक्रार केली. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले की दबाव होता, तर सहीनंतर दोन-चार दिवसांत कंपनीला तसे रजिस्टर पोस्टाने कळवले का, निदान रक्कम 'हक्क राखून' स्वीकारतो असे लिहून दिले का. मी पाच महिन्यांनी आलो होतो आणि दोन लाख खर्चून बसलो होतो. त्यांनी पहिले पान माझ्याकडे वळवले, 'स्वखुशीने' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, "खालची सही तुमचीच ना?"