‘कोसला’ की ‘शाळा’? नायक मोठा झाला, हे कशावरून म्हणायचं

माझी भाची नांदेडला एमए करते. लघुप्रबंधाला तिच्यासमोर दोन कादंबऱ्या आहेत, भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (1963) आणि मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (2004). ‘शाळा’तला मुकुंद मोठा होतो आणि ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर मात्र मोठा होत नाही, म्हणून ‘शाळा’ सोपी, असं तिचं मत. मला ते पटलं नाही.

आपल्याकडे दहावीनंतर पोरं लातूरला शिकायला जातात. होस्टेलवर पहाटे पाचला उठतात आणि आई म्हणते, पोरगं सुधारलं. पण तिथं उठवायला माणूस असतो. दिवाळीला घरी आल्यावर, कुणी हाक न मारता तो उठतो का, ते बघावं लागतं. कादंबरीतही तसंच करावं. नायक एकाच प्रकारच्या प्रसंगात दोनदा सापडतो अशा जागा शोधायच्या. दुसऱ्या वेळी तो वेगळा वागला आणि बाहेरून सक्ती नव्हती, तरच वाढ खरी म्हणता येते.

‘शाळा’त आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद स्वतःच गोष्ट सांगतो. त्याला आवडणारी वर्गातली शिरोडकर गाव सोडून जाते आणि त्याचं जग मोडतं. पण हे त्याच्यावर आलेलं आहे, त्यानं केलेलं नाही. दुःख झालं म्हणजे समज आली, असं लिहिलं की परीक्षक तिथंच अडवणार. शिवाय गोष्ट तिथंच थांबते, त्यामुळे दुसरा प्रसंग फारसा हाती लागत नाही.

‘कोसला’त अडचण उलटी आहे. पांडुरंग पुण्यात नापास होऊन गावी परततो. हे परतणं पुरावा म्हणून घेऊ नये, ना वाढीचा ना पराभवाचा, कारण त्याच्यापुढे दुसरी वाट फारशी उरलेली नसते. दुसरा फसवा पुरावा भाषेचा. ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ शेवटपर्यंत आहेत, म्हणजे तो बदलला नाही, असं म्हणणारे बरेच भेटतील. पण पहिल्याच वाक्यात बोलणारा पांडुरंग पंचवीस वर्षांचा आहे. सगळं घडून गेल्यावर तो सांगतोय. एकसारखा आवाज हा सांगणाऱ्याचा आहे, घडत असलेल्या मुलाचा नाही. मग तुलना या दोघांत करायची. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं आणि वसतिगृहातल्या उधळपट्टीची पानं शेजारी ठेवून बघायचं, तेच शब्द कुठे ढाल होतात आणि कुठे गळून पडतात. त्यासोबत वडिलांशी आधीच्या सुट्ट्यांतलं वागणं आणि शेवटी परतल्यावरचं वागणं. तिथं फरक दिसला तर तो पानं दाखवून मांडता येतो. नाही दिसला, तर ‘वाढ दिखाऊच’ हेही तितक्याच ठामपणे लिहिता येतं.

वेळ चार महिन्यांपेक्षा कमी असेल तर तिनं ‘शाळा’ घ्यावी, पण विषय ‘वाढ’ न ठेवता ‘वाढीच्या उंबरठ्यावर थांबणं’ असा ठेवावा. वेळ असेल तर ‘कोसला’च. मी तिला तेच सांगितलंय, आणि वाचताना पेन्सिल हातात ठेव म्हटलंय.